गेनिंग रेशोला मराठीत काय लिहायचं?

सुप्रिया, ठाणे
वागळे इस्टेटमध्ये बाबांची पुठ्ठ्याच्या खोक्यांची फर्म आहे. भागीदार तिघं, नफ्यातोट्याचं प्रमाण ५:३:२, त्यातले ३ बाबांचे. ३० सप्टेंबरला बाबा बाहेर पडतायत. वकिलांचा मसुदा इंग्रजीत आहे आणि तिघांनाही सही करायच्या आधी तो मराठीत वाचायचाय. एका कलमाशी मी अडले आहे. बाबांच्या वाट्याचं गुडविल बाकीचे दोघं 'गेनिंग रेशो'त देतील, असं त्यात आहे. मी 'लाभ प्रमाण' लिहिलं. बाबा म्हणाले, "धंदा मी सोडतोय, पैसे ते देणार, मग लाभ कुणाचा?" दुसरा काही शब्द आहे का?

नौपाडाकर
आमच्या जिल्हा परिषदेच्या कागदांत 'निवृत्तिविषयक लाभ' असंच असायचं. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे सगळं त्यात आलं. तेच लिहा, सुटसुटीत आहे.

सुप्रिया, ठाणे
काका, ही नोकरीतली निवृत्ती नाही हो. भागीदारीतून बाहेर पडणं आहे. ग्रॅच्युइटी कोण देणार?

क्लासवाले सर
बारावीच्या पुस्तपालनात 'लाभ प्रमाण'च शिकवतो, बदलू नका. काढायलाही सोपं. जाणाऱ्याचा आकडा बोटाने झाका, उरलं ते लाभ प्रमाण. ५:३:२ मधला ३ झाकला की ५:२.

खातेवही
सर, बोट झाकायची युक्ती राहणाऱ्यांचं नवं प्रमाण वेगळं ठरलेलं नसेल तेव्हाच चालते. सुप्रियाताई, पुढे दोघांचं प्रमाण काय ठरलंय? आणि गुडविल किती धरलंय?

सुप्रिया, ठाणे
पुढचं ३:२. गुडविल १४ लाख.

खातेवही
मग ५:२ लावलंत तर थोरल्या भागीदारावर अन्याय होईल. त्याचा जुना हिस्सा दहात पाच, नवा पाचात तीन, म्हणजे दहात सहा. वाढला एक दशांश. धाकट्याचे दहात दोन होते, आता चार. वाढले दोन दशांश. दोघांची वाढ मिळून तीन दशांश, म्हणजे बाबांचा हिस्सा बरोबर संपला. हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी चुकलंय हे समजायचं.

तेव्हा गेनिंग रेशो १:२. बाबांच्या वाट्याचं गुडविल ४,२०,००० होतं. त्यातले थोरल्याच्या भांडवलातून १,४०,००० वळते होतील, धाकट्याच्या भांडवलातून २,८०,०००. ५:२ ने गेलात तर थोरल्याच्या माथी ३,००,००० बसतील आणि धाकटा १,२०,००० वर सुटेल. हिस्सा दुप्पट करून घेतला धाकट्याने आणि किंमत मोजली थोरल्याने, असं होईल.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. लाभ राहणाऱ्यांचा, कारण पुढच्या नफ्यातला बाबांचा वाटा त्यांच्याकडे जातो. जेवढा वाटा वाढला तेवढं गुडविल आज द्यायचं. मी मसुद्यात 'हिस्सावाढीचं प्रमाण' लिहितो. व्यापारी माणसाला पटकन कळतं.

क्लासवाले सर
मान्य. पेपरात नवं प्रमाण दिलं नसेल तर ५:२ धरतात, माझ्या डोक्यात तेच होतं. पण 'हिस्सावाढ' लिहिणाऱ्याला मी मार्क देणार नाही!

तुर्भेवाला
शब्दाचं तुम्ही बघा, मी माझं सांगतो. आमच्या सासऱ्यांनी तुर्भ्यातल्या ट्रान्सपोर्टच्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. हिशेब चुकता झाला, कागद झाला, पेढे वाटले. फक्त जाहीर नोटीस दिली नाही. पुढे टायरवाल्याची उधारी थकली, ती सासरे गेल्यानंतरच्या मालाची. टायरवाल्याने नोटीस यांनाही धाडली. म्हणे मला कुणी कळवलंच नाही.

खातेवही
भागीदारी कायदा १९३२, कलम ३२. जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेरच्यांसाठी ते भागीदारच राहतात. फर्म नोंदणीकृत असेल तर फर्म निबंधकांना कळवायचं, राजपत्रात द्यायचं आणि जिल्ह्यात खप असलेल्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायचं. ताई, बाबांकडून हे करून घ्याच.

सुप्रिया, ठाणे
यादीत टाकलं. आता 'अमाऊंट ड्यू टू आउटगोइंग पार्टनर'. मी 'येणे रक्कम' लिहिलं तर थोरले काका म्हणाले 'देणे' लिहा.

खातेवही
दोघंही बरोबर! बाबांच्या बाजूने येणं, फर्मच्या बाजूने देणं. करारात 'निवृत्त भागीदारास देय रक्कम' लिहा, भांडण मिटेल. पण ती रक्कम कशी बनली तेही मराठीत मांडा. आकडे असतील तर टाका.

सुप्रिया, ठाणे
बाबांचं भांडवल ८,००,०००. सामान्य राखीव निधी २,००,०००. यंत्रांची किंमत वाढली आणि बुडालेली उधारी वजा केली, त्यातून १,००,००० नफा. एप्रिल ते सप्टेंबरचा फर्मचा नफा ३,००,०००. याच काळात बाबांनी १,००,००० उचललेत.

खातेवही
राखीव निधी, पुनर्मूल्यांकनाचा नफा आणि सहा महिन्यांचा नफा, हे सगळं बाबा असतानाचं. म्हणून इथे जुनंच प्रमाण, तिघांतही. बाबांना निधीतले ६०,०००, पुनर्मूल्यांकनाचे ३०,०००, चालू नफ्याचे ९०,०००. हिस्सावाढीचं प्रमाण फक्त गुडविलला. लोक इथेच घोळ घालतात, निधीही १:२ ने वाटून मोकळे होतात.

भांडवलात हे १,८०,००० आणि गुडविलचे ४,२०,००० मिळवा, उचल वजा करा. देय रक्कम १३,००,०००. लगेच किती देतायत?

सुप्रिया, ठाणे
४ लाख चेकने. बाकी ९ लाख तीन वर्षांत, वर्षाला ३. व्याजाचं मसुद्यात काही नाही. थोरले काका म्हणतात, घरचेच आहोत.

तुर्भेवाला
घरचेच असतात तेव्हाच लिहून घ्यावं.

खातेवही
उरलेले ९ लाख भांडवल खात्यातून उचलून 'निवृत्त भागीदाराचे कर्ज खाते' असं वेगळं खातं काढून ठेवा. त्यानंतर बाबा धनको. ६ टक्के ठरवलंत तर पहिल्या हप्त्याबरोबर ५४,००० व्याज, पुढे ३६,०००, मग १८,०००. हिशेब न मिटवताच फर्म त्यांच्या पैशावर चालली आणि करारात काही ठरलेलं नसलं, तर कलम ३७ आहे. त्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा सालिना ६ टक्के व्याज, यांतलं काय घ्यायचं ते बाबा ठरवणार. पण तुमच्याकडे हप्ते करारानेच ठरतायत, तेव्हा व्याजाबद्दल गप्प राहू नका. बिनव्याजी असेल तर 'बिनव्याजी' असं लिहा.

नौपाडाकर
गुडविल म्हणजे आमच्याकडची पागडी ना? मग 'पागडी' लिहा की.

क्लासवाले सर
नाही हो काका, पागडी जागेची. हे धंद्याच्या नावाचं मोल. पुस्तकात 'ख्याती' आहे, जुने लोक 'नावलौकिक' म्हणतात.

सुप्रिया, ठाणे
'ख्याती' वाचून बाबा हसले, 'गुडविल'च राहू दे म्हणाले. ठेवते.

एक शेवटचं. जागेवरून जुंपलीय. एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावरची शेड ताळेबंदात जुन्या भावाने पडून आहे. जुन्या करारात लिहिलंय, 'निवृत्त होणाऱ्यास शेवटच्या ताळेबंदाप्रमाणे हिस्सा मिळेल.' धाकटे काका म्हणतात शेवटचा म्हणजे ३१ मार्चचा, शेडची वाढलेली किंमत धरायची नाही. बाबा म्हणतात, यंत्रांची वाढ धरलीत तेव्हा हे कलम कुठे होतं?

खातेवही
बाबांचा मुद्दा बिनतोड आहे. 'शेवटचा' म्हणजे मागच्या मार्चचा की निवृत्तीच्या दिवशी नव्याने काढलेला, दोन्ही वाचन होऊ शकतं. यापूर्वी कुणी भागीदार बाहेर पडला होता का? तेव्हा काय धरलं होतं, ते जुन्या वह्यांत बघा.

सुप्रिया, ठाणे
१९९८ साली एक जण गेले होते म्हणे. वह्या माळ्यावर आहेत. रविवारी काढते.