मदत हवी आहे: ‘जलयुक्त शिवार’वरच्या कॅग अहवालाचा दोन पानी सारांश

माळरान
आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावायला जलयुक्त शिवार अभियानावरच्या कॅगच्या अहवालाचा सारांश करतोय. हा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला होता. माझा पहिला परिच्छेद असा आहे:

“जलयुक्तवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले, तरी ८० पैकी फक्त २९ गावं जलपरिपूर्ण झाली. टँकर २०१७ मधल्या ३,३६८ वरून २०१९ मध्ये ६७,९४८ वर गेले.”

आकडे अहवालातलेच आहेत. पण ज्यांना वाचायला दिलं ते सगळे एकच म्हणतात, “म्हणजे सगळे पैसे खाल्ले.” अहवालात असं कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या मांडणीत नेमकं काय चुकतंय?

शेवंता
अहवालाच्या सुरुवातीला गोषवारा असतो, तोच सोप्या मराठीत उतरवा. आतली प्रकरणं आणि तक्ते लोक वाचत नाहीत. खर्चाचा आकडा मात्र मोठ्या अक्षरात टाका, पैसा आपलाच आहे.

जुना लेखापरीक्षक
गोषवाऱ्यापासून सुरुवात करा हे बरोबर, पण तिथे थांबू नका. गोषवाऱ्यात निष्कर्ष असतो. तो किती गावं पाहून काढला आणि खात्याने त्यावर काय उत्तर दिलं, हे आतल्या परिच्छेदांत सापडतं.

माळरान, तुमच्या पहिल्या वाक्यात दोन वेगवेगळे हिशेब जोडले गेलेत. ९,६३३.७५ कोटी हा अख्ख्या राज्याचा खर्च. ८० आणि २९ हे आकडे मात्र ऑडिटने तपासायला घेतलेल्या सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांपैकी. त्यातली ८० गावं जलपरिपूर्ण म्हणून जाहीर झाली होती, तपासणीत २९ च तशी निघाली. बाकीच्या गावांत आराखड्याप्रमाणे हवा तेवढा पाणीसाठा तयार झालेला नव्हता. ‘तरी’ हा शब्द मध्ये आला की वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या कोटींत २९ गावं. राग तिथून येतो.

तात्या बार्शीकर
आमच्या गावात नाला खोलीकरण झालं, पुढच्याच पावसाळ्यात गाळाने भरलं. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणतात. आमचं गाव त्या १२० मध्ये आहे का, आणि तक्रार कुठे करायची?

माळरान
तात्या, निवडलेली गावं अहवालात पाहावी लागतील, मी बघून सांगतो. तक्रारीचं मात्र मला नक्की ठाऊक नाही.

जुना लेखापरीक्षक
तात्या, गाव नमुन्यात नसलं तरी ग्रामसभेत कामांची यादी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, माहिती अधिकारातही मिळते. कॅग एकेका गावाच्या तक्रारीचा निकाल देत नाही. हा अहवाल पुढे लोकलेखा समितीकडे जातो.

आता टँकर. ६७,९४८ पाहून थांबायला हवं होतं. २०१९ च्या उन्हाळ्यात टंचाई शिगेला होती तेव्हाही राज्यात एका वेळी धावणारे टँकर काही हजारच होते. म्हणजे हा एका दिवसाचा आकडा असणं शक्य नाही, बहुधा वर्षभरातल्या नोंदींची बेरीज आहे. तक्त्याचं शीर्षक आणि तळटीप पाहून एकक लिहा. ते सापडलं नाही तर आकडा गाळा आणि ‘टँकरची गरज कमी होण्याऐवजी खूप वाढली’ एवढंच म्हणा.

शेवंता
पण मग ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, तेही सांगायला नको का? पाऊसच नव्हता तर बंधारा काय करणार?

माळरान
सांगितलं तर लोक म्हणतील सरकारची बाजू घेतोय. नाही सांगितलं तर अर्धवट. सध्या असं लिहिलंय:

“कॅगने सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासली. त्यातल्या ८० गावांना सरकारने जलपरिपूर्ण म्हटलं होतं, तपासणीत २९ च तशी आढळली. उरलेल्या गावांत ठरल्याएवढा साठा झालेला नव्हता. संपूर्ण राज्यात या अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले. तो सगळा वाया गेला असं अहवाल म्हणत नाही.”

जुना लेखापरीक्षक
आता बरं आहे. शेवटच्या वाक्यानंतर खात्याचं उत्तर आणि त्यावरचं ऑडिटचं मत, दोन्ही घाला. बऱ्याच सारांशांत नेमकं हेच गळतं. खात्याने आक्षेप मान्य केलाय की नाकारलाय, हे वाचल्याशिवाय नागरिकाला पुढे प्रश्न विचारता येत नाही.

पावसाबद्दल मी शेवंताशी पूर्ण सहमत नाही. साठा आराखड्यापेक्षा कमी होता हा आक्षेप बांधकामाचा आहे, पावसाचा नाही. टँकरच्या मुद्द्याला मात्र दुष्काळाची जोड हवीच.

शेवंता
अहवालात भूजल पातळीचाही मुद्दा आहे, त्याचं काय मग? तिथे पाऊस आणि काम वेगळं कसं करणार? माझं म्हणणं, तो मुद्दा दोन पानांत नकोच.

माळरान
मला तो हवाय. इथल्या विहिरींचा प्रश्न तोच आहे. उद्या आतलं प्रकरण काढून खात्याचं उत्तर इथे टाकतो, मग ठरवू.