मदत हवी: काल केलेली एनईएफटी अजून जमा नाही

शेतरस्ता: काल सकाळी ११.१० ला माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेतून एका सहकारी बँकेतल्या खात्यात १,८५,००० रुपये एनईएफटीने पाठवले. माझ्या खात्यातून वजा झाले, यूटीआर नंबरही आला. घेणारे म्हणतात, एक रुपया आला नाही. शाखेत म्हणाले, "आमच्याकडून गेलेत, वाट बघा." किती वाट बघायची?

जमाखर्च: वाट बघायची वेळ कालच संपली. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जाते. तुमची ११.३० च्या बॅचमध्ये गेली असेल, तर समोरच्या बँकेने दीडपर्यंत जमा करायला हवी होती, नाहीतर परत पाठवायला हवी होती.

शाखेत यूटीआर देऊन दोनच गोष्टी विचारा: कोणत्या बॅचमध्ये सेटल झाली, आणि जमा झाल्याची पोच आली का? सेटल आहे पण पोच नाही, म्हणजे पैसे समोरच्या बँकेकडे अडकलेत. पोच आली असेल, तर पैसे कुठल्यातरी खात्यात पडलेत. मग खाते क्रमांक एकेक आकडा ताडून पाहा. जमा नंबर बघून होते, नाव जुळवून नाही.

पावती_९: रोजचे १०० रुपये दंड मागा, आरबीआयचा नियम आहे.

जमाखर्च: तो आयएमपीएस-यूपीआयला. एनईएफटीला रेपो दर अधिक दोन टक्के व्याज, तेही न मागता मिळायला हवं. रेपो साडेपाच धरला तर १,८५,००० वर दिवसाचे साधारण ३८ रुपये.

मधुमालती: माझंही यूपीआयचं वीजबिल अडकलं होतं, दुसऱ्या दिवशी आपोआप परत आलं. थांबा थोडं.

जमाखर्च: ताई, ते वेगळं. इथे थांबून फक्त उशीर वाढेल.

शेतरस्ता: विचारून आलो. ११.३० लाच सेटल, पोच नाही. घेणाऱ्यांनी दिलेला नंबर जुन्या पासबुकातला निघाला, आता तो लांबीने वेगळा आहे. एनईएफटी रद्द करता येईल का?

जमाखर्च: सेटल झाल्यावर नाही. परत पाठवणं समोरच्या बँकेच्याच हातात. घेणाऱ्यांनी यूटीआर घेऊन आपल्या शाखेत जावं आणि आलेल्या एनईएफटीत शोधायला लावावं. छोट्या सहकारी बँकांची एनईएफटी बऱ्याचदा दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत येते. तसं असेल तर पैसे त्या दोघींच्या मध्येही पडून असतील, तेही विचारायला सांगा. तोवर नव्या नंबरवर पुन्हा पाठवू नका. दोन्ही जमा झाले तर एक परत मागत बसाल.

तुम्ही आपल्या बँकेत लेखी तक्रार देऊन तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे. तोंडी विचारपूस तिथे तक्रार धरत नाहीत.

पावती_९: नंबर चुकीचा दिला असेल तर व्याज मिळेल का?

जमाखर्च: चुकीच्या नंबरची रक्कमही दोन तासांत परत यायला हवी होती, म्हणून मी तरी मागेन. बँक हुज्जत घालेल हे नक्की.