शब्दचर्चा: 'ट्रिप्लेन हार्मोनिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद
इमारतींच्या देखभालीवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात एक अख्खं प्रकरण आहे: ऑफिसभर संगणक असले की न्यूट्रल तार का तापते. 'ट्रिप्लेन हार्मोनिक्स' हा शब्द तिथे पानोपानी येतो. हार्मोनिकसाठी 'प्रसंवादी' आणि 'संनादी' हे दोन्ही शब्द वाचलेत. 'ट्रिप्लेन'पाशी मात्र अडलेय. तूर्तास 'तिसरा प्रसंवादी' असं लिहून पुढे गेलेय. शिवाय न्यूट्रलला शाळेच्या पुस्तकातली 'तटस्थ तार' चालेल का? वाचणारे इलेक्ट्रिशियन आणि सुपरवायझर आहेत.

घाईत_आहे
सोपं आहे की. जास्त लोड आला की एमसीबी ट्रिप होतो, तेच ना? 'खटका पडणे' म्हणा. 'खटकापाडू लहरी' कसं वाटतं?

जुना_तारतंत्री
घाईतराव, जरा थांबा. याचा ट्रिप होण्याशी संबंध नाही. उलट ट्रिप होत नाही हेच दुखणं आहे. पॅनेलमधला नेहमीचा तीन पोलचा ब्रेकर तीन फेजवर नजर ठेवतो. न्यूट्रल सरळ लिंकवर जाते, तिच्या वाटेत कुणी पहारेकरी नसतो. फेज मर्यादेत असतील तर न्यूट्रल भाजून निघाली तरी खटका पडणार नाही.

कोरा_कागद, 'तिसरा' लिहू नका. हार्मोनिक म्हणजे पुरवठ्याच्या वारंवारतेच्या पटीतली लहर, आणि तीनच्या विषम पटीतले सगळे यात येतात: 3, 9, 15, 21. पुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर 150, 450, 750 असे. तिसरा त्यात सगळ्यात दांडगा, म्हणून लोक त्याचंच नाव घेतात. पण पुस्तिकेत नववाही धरला असेल आणि तुम्ही 'तिसरा' लिहिलंत, तर अर्थ बदलला.

मंद्र
शब्दांकडे वळू या. गणितात 'हरात्मक' आहे, हरात्मक श्रेढीतला. तारेच्या लहरींच्या लांबी 1, 1/2, 1/3 अशा पडतात, त्यावरून ते नाव योग्यच आहे. पण विजेच्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. 'प्रसंवादी'त गोडवा आहे, आणि इथे तर तार जळतेय. गंमत म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाचा तिसरा अंश पंचम लागतो आणि नववा रिषभ. म्हणजे या न्यूट्रलमधून पंचम-रिषभच वाहतायत म्हणायचे! माझं मत 'त्रिपटी संनादी'ला.

दोन_पैसे
'त्रिपटी'ने काम भागेल. बाकी हा विषय जरा फुगवलेला वाटतो. मूळ गोष्ट एवढीच की फेज असमतोल असतात, एका फेजवर लोड जास्त पडतो आणि उरलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो. लोड नीट वाटून दिला की न्यूट्रल गार. आम्ही हेच शिकलो.

चौथी_तार
दोन_पैसे, आम्हीही हेच केलं आणि तोंडावर पडलो. आमच्या ऑफिसात एका मजल्याच्या पॅनेलमध्ये न्यूट्रलच्या लगपाशी काळ्या इन्सुलेशनला तपकिरी झाक आली होती. पॅनेलचं दार उघडलं की तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. क्लॅम्प मीटर लावला तर फेजवर 17, 28, 39 आणि न्यूट्रलवर 66. इलेक्ट्रिशियन म्हणाला, असमतोल. रविवारी येऊन त्याने सर्किटं इकडची तिकडे केली. तिन्ही फेज 28 च्या आसपास आल्या. न्यूट्रल 63! अख्खा रविवार घालवून तीन अँपिअर कमी झाले. मग ती बाई कुठून आणते एवढा करंट?

जुना_तारतंत्री
फार कामाचे आकडे दिलेत. आधी मीटरबद्दल. संगणकांच्या लोडवर, फेज समतोल असताना, न्यूट्रलचा करंट फेजच्या करंटच्या साधारण √3 पट, म्हणजे 1.73 पटीपर्यंत जातो. तुमचं गुणोत्तर 63 ला 28, म्हणजे सव्वादोन. हे बसत नाही. तेव्हा तुमचा मीटर ट्रू आरएमएस नाही, सरासरी मोजून साइन वेव्हच्या हिशोबाने आकडा दाखवणारा आहे. संगणकाचा पॉवर सप्लाय व्होल्टेजच्या शिखरापाशी थोडा वेळ करंट ओढतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. असले अणकुचीदार ठोके साध्या मीटरला कमी दिसतात. न्यूट्रलमध्ये मात्र तिन्ही फेजचे ठोके एकामागोमाग येऊन 150 हर्ट्झची बऱ्यापैकी गुळगुळीत लहर होते, त्यामुळे तिथला आकडा खऱ्याच्या जवळ येतो. म्हणजे मीटर खोटं बोलला तो फेजबद्दल.

आता समतोलाबद्दल. 50 हर्ट्झची एक फेरी 20 मिलिसेकंदांची. फेज एकमेकींपासून फेरीच्या तिसऱ्या हिश्शाने मागे असतात, म्हणजे 6.67 मिलिसेकंदांनी. तिसऱ्या हार्मोनिकची स्वतःची अख्खी फेरी किती? तीही 6.67. म्हणून ती लहर फेजबरोबर सरकली तरी बरोबर स्वतःवरच येऊन बसते. तिन्ही फेजमधले तिसरे एकाच क्षणी चढतात, एकाच क्षणी उतरतात. न्यूट्रलमध्ये त्यांची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. पाचव्याची फेरी 4 मिलिसेकंदांची, 6.67 मध्ये त्या पावणेदोनच्या आतच बसतात, पूर्ण आकडा येत नाही, म्हणून समतोल असेल तर तो न्यूट्रलमध्ये मिटतो. नवव्याच्या बरोबर तीन फेऱ्या बसतात, म्हणून तो पुन्हा बेरजेत.

तुमच्या पॅनेलचा अंदाज असा: दर फेजला मूळ 50 हर्ट्झचा करंट 30 अँपिअर, तिसरा 21, पाचवा 12. फेजचा खरा आरएमएस वर्गांच्या बेरजेने काढायचा, 900 + 441 + 144 चं वर्गमूळ, म्हणजे साडेअडतीस. न्यूट्रलमध्ये 21 तिप्पट, म्हणजे 63. असमतोलाचा 50 हर्ट्झचा भाग आधी 20 अँपिअर धरा. 63 चा वर्ग अधिक 20 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 66. तुमच्या इलेक्ट्रिशियनने ते 20 पूर्ण पुसले, काम चोख केलं. पण वर्गांच्या हिशोबात ते 20 म्हणजे जेमतेम 3.

दोन_पैसे
हे मान्य. माझं म्हणणं 50 हर्ट्झपुरतं खरं होतं तर. पण आता संगणकांच्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं. IEC 61000-3-2 मध्ये हार्मोनिकवर मर्यादा आहेत. मग हे जुन्या काळचं दुखणं नाही का?

जुना_तारतंत्री
बऱ्याच अंशी कमी झालंय, संपलेलं नाही. त्याच मानकात संगणकांना 75 वॅटच्या वर दर वॅटमागे तिसऱ्या हार्मोनिकचे 3.4 मिलिअँपिअर चालतात. 100 वॅटच्या सप्लायला 340 मिलिअँपिअर. 230 व्होल्टवर त्याचा मूळ करंट साधारण 435. म्हणजे 78 टक्के तिसरा हार्मोनिक असूनही सप्लाय नियमात बसतो! चांगल्या सर्किटचा सप्लाय याच्या कितीतरी खाली राहतो, पण तुमच्या टेबलाखाली नेमका कुठला आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

चौथी_तार, मीटरला Hz दाखवायची सोय असेल तर न्यूट्रलला क्लॅम्प लावून बघा. 50 आलं तर असमतोल, 150 आलं तर आपले हे तीनपटीवाले. आणि केबल कुठली आहे?

चौथी_तार
मीटर उसना आणला, ट्रू आरएमएसचा. फेजवर 38, 39, 39. न्यूट्रल 63. Hz दाबल्यावर 150. अगदी सरळ 150, मी दोनदा बघितलं.
केबल साडेतीन कोअर, 25 ची.

जुना_तारतंत्री
तिथेच मेख आहे. 'साडेतीन कोअर' हा आमच्या धंद्यातला शब्द, तीन पूर्ण तारा आणि न्यूट्रल अर्धी. अगदी अर्धी नसते म्हणा, 25 च्या केबलला 16 ची असते. न्यूट्रलमध्ये फक्त असमतोलाचा उरलासुरला करंट येणार या गृहीतावर ती बारीक ठेवली जाते. तुमच्याकडे सगळ्यात जास्त करंट सगळ्यात बारीक तारेत आहे.

मंद्र
म्हणजे 'तटस्थ' शब्द खोटा पडला. जी तटस्थ तीच सगळ्यांचं ओझं वाहतेय. 'उदासीन' म्हणाल तर आणखीच वाईट.

कोरा_कागद
मग 'न्यूट्रल'च ठेवते. 'तटस्थ तार तापली' वाचून इलेक्ट्रिशियन हसेल. पण पुस्तिकेत उपाय म्हणून लिहिलंय, 'तिसरा हार्मोनिक 33 टक्क्यांवर गेला की केबल न्यूट्रलच्या करंटवरून निवडा'. 33 च का?

जुना_तारतंत्री
33 ची तिप्पट 99. म्हणजे तिथे न्यूट्रलचा करंट फेजच्या मूळ करंटच्या बरोबरीला येतो. IEC 60364-5-52 मध्ये चार-पाच कोअरच्या केबलसाठी हीच वाट आहे: 15 टक्क्यांपर्यंत नेहमीसारखं, 15 ते 33 ला फेजच्या हिशोबाने पण 0.86 ने क्षमता कमी धरून, 33 ते 45 ला न्यूट्रलच्या हिशोबाने आणि पुन्हा 0.86, आणि 45 च्या वर फक्त न्यूट्रलच्या हिशोबाने. चौथी_तारच्या मजल्यावर 21 ला 30, म्हणजे 70 टक्के. तिथे 63 अँपिअर वाहू शकेल अशी न्यूट्रल हवी. फेजसाठी ती केबल जरा जाड वाटेल, इलाज नाही.

घाईत_आहे
चार पोलचा ब्रेकर बसवला तर? न्यूट्रलवरही पहारा.

जुना_तारतंत्री
न्यूट्रलच्या पोलला खरोखर संरक्षण असेल आणि ते तिच्या तारेला साजेसं लावलेलं असेल, तर ऑफिस बंद पडेल पण तार वाचेल. करंट तसाच राहील. ब्रेकरशिवाय नुसती न्यूट्रल वेगळी तोडायची सोय मात्र कधीच करू नका. न्यूट्रल सुटली तर संगणकांना 230 च्या जागी लोडच्या वाटणीप्रमाणे 400 कडे सरकणारा व्होल्टेज मिळू शकतो. म्हणूनच तपकिरी झालेली ती लग आधी सोडवा, घासा, नीट आवळा.

दोन_पैसे
पॅनेलजवळ झिगझॅग ट्रान्सफॉर्मर लावून तिसऱ्याला तिथल्या तिथे वाट देता येते असं वाचलंय.

जुना_तारतंत्री
येते. पण तो लोडच्या जवळ हवा, आणि त्याच्यापासून संगणकांपर्यंतची न्यूट्रल तापायची ती तापतेच. मी असतो तर आधी केबल बदलली असती. यावर आमच्यात एकमत नाही.

कोरा_कागद
शब्दाचं मात्र ठरवून टाका. 'विषम त्रिपटी हार्मोनिक' लिहू? 'हार्मोनिक' तसाच ठेवते, वाचणाऱ्यांना तोच सवयीचा आहे.

मंद्र
'विषम' कशाला? त्रिपटी म्हटलं की 3, 6, 9 आले. सहावाही तीनपटीतच आहे, तोही न्यूट्रलमध्ये बेरजेतच जाईल ना?

जुना_तारतंत्री
आला तर जाईल. संगणकाचा ठोका वरच्या आणि खालच्या अर्ध्यात सारखाच असतो, म्हणून सम हार्मोनिक जवळपास नसतात. अर्ध्याच फेरीत करंट घेणारं उपकरण असेल तर सहावाही दिसेल. ट्रिप्लेन म्हणताना लोक विषमच धरतात, म्हणून मी 'विषम'च्या बाजूने.

मंद्र
मग शब्द कारणावरून का करू नये? हे सगळे एकाच क्षणी चढतात ना, 'एकलय हार्मोनिक' म्हणा. वाचल्याबरोबर बेरीज का होते तेही कळेल.

चौथी_तार
मला 'एकलय' आवडला. इलेक्ट्रिशियनला विचारलं, तो म्हणाला, 'साहेब, आम्ही थर्ड म्हणतो.'

कोरा_कागद
तोच तर वाचणार आहे! पहिल्या पानावर 'विषम त्रिपटी (3, 9, 15…)' लिहिते. 'एकलय'चं रात्री बघते.

चौथी_तार
लग घासून आवळली, वास गेला. न्यूट्रल अजून 63.