कॅम्पस ड्राइव्हचे इंटरव्ह्यू स्लॉट कसे लावता? अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात ड्राइव्ह आहे. चार टेक्निकल पॅनल एकाच वेळी बसणार, एचआरची दोन. टेस्टनंतर 48 मुलं उरतील असं धरलंय. प्रत्येकाला पॅनल आणि वेळ आधीच द्यायची का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

शेवटचं वर्ष, कोऑर्डिनेटर:
30 मिनिटांचे स्लॉट पाडा, तासाला 8 जण, सहा तासांत सगळे उरकतात. आदल्या रात्री शीट ग्रुपवर टाकायची, बस.

प्लेसमेंट सेलमधून:
कागदावर सहा तास बरोबर आहेत, पण मुलगा बाहेर पडल्यावर पॅनलवाले फीडबॅक लिहितात, पुढच्याचा रेझ्युमे चाळतात, त्यात दहा मिनिटं जातातच. म्हणजे एकाला 40, तासाला 6, एकूण आठ तास, जेवण वेगळं. शिवाय सगळी पॅनल सारख्या वेगाने चालत नाहीत, एक सर खोदून खोदून 50 मिनिटं घेतात आणि शेजारी 25 मिनिटांत सुटका होते. मुलं पॅनलला बांधून ठेवली की दुपारी एका दाराबाहेर पाच जण ताटकळत आणि बाजूची खोली रिकामी. हे दिसलं की समजायचं वाटप फसलं.

म्हणून आम्ही रांग एकच ठेवतो. मुलांना फक्त रिपोर्टिंग टाइम देतो, पहिल्या तासाला 8 जण आणि नंतर दर तासाला 6, म्हणजे दोघं कायम हाताशी असतात. जे पॅनल मोकळं होईल तिकडे पुढचा मुलगा. प्रत्येक दाराशी एक व्हॉलंटियर उभा असतो, तो आत-बाहेरची वेळ शीटमध्ये टाकतो, बाकी कोणी शीटला हात लावायचा नाही.

पॅनलवर बसणारी:
एकच रांग चालते, पण पॅनल सारखी असतील तरच. मेकॅनिकलचा मुलगा आमच्यासमोर कोडिंगला बसवला तर त्याचाही वेळ जातो आणि आमचाही, तिथे ब्रँचप्रमाणे रांगा वेगळ्याच लागतात. आणि जेवायला चारही पॅनलना एकदम उठवू नका, दोन-दोन करून पाठवा, नाहीतर तास दीड तास एचआरकडे कोणीच पोचत नाही.

पासआउट:
माझं टेक्निकल सकाळी 11 ला झालं आणि एचआर रात्री आठला! शेवटी घेतलं की सिलेक्शनवर परिणाम होतो का?

प्लेसमेंट सेलमधून:
सिलेक्शनचं कंपनीच सांगू शकेल. पण इतका वेळ गेला म्हणजे बहुतेक टेक्निकलचे निकाल धरून ठेवून संध्याकाळी एकदम सोडले असणार. आम्ही पॅनलला आधीच विनंती करतो की दर दोन-तीन मुलांमागे निकाल द्या, म्हणजे एचआरची रांग दुपारपासूनच सरकते.

धागाकर्ता:
एकच रांग पटली. पण त्याच दिवशी दुसरी कंपनीही येतेय आणि काही मुलं दोन्हीकडे शॉर्टलिस्ट होतील. त्यांना आधी कुठे पाठवायचं?

शेवटचं वर्ष, कोऑर्डिनेटर:
ज्या कंपनीने आधी लिस्ट दिली तिकडे.

पॅनलवर बसणारी:
मला नाही पटत. मुलाला कुठे जायचंय ते आदल्या दिवशी लेखी घ्या. अर्थात दोन्ही कंपन्यांना हे मान्य हवं, आणि आमच्याकडे सगळे मॅनेजर ऐकतातच असं नाही.