मदत हवी आहे: हवाबंद पिंपात शेंगदाणे, पण झाकणाला आतून ओल

दाणेवाला
सोललेले शेंगदाणे, २० किलो, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरून ठेवले होते. काल झाकण काढलं तर आतून पाण्याचे थेंब, वरच्या थराला कुबट वास, आणि कडेचे काही दाणे एकमेकांना चिकटलेले. पाऊस आत जायला कुठेही फट नाही. मग ओल आली कुठून? सिलिका जेलच्या पुड्या टाकून भागेल का? दमट हवा अजून बरेच दिवस राहणार आहे.

खमंग
सगळे खरपूस भाजून ठेवा. बुरशी मरते, विषय संपला.

गोदामकरी
बुरशी मरते हे खरं, पण तिने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याने थोडंफार कमी होतं, जात नाही. उलट भाजल्यावर कुबट वास झाकला जातो, म्हणजे ओळखायची खूणही गेली.

दाणेवाला, पाणी बाहेरून आलेलं नाही, दाण्यांतलंच आहे. दिवसा पिंप तापतं, दाणे ओल सोडतात, रात्री झाकण आधी गार होतं आणि वाफ तिथे धरते. तेच थेंब वरच्या थरावर पडतात, म्हणून बुरशी बहुतेक वेळा वरून आणि कडेने सुरू होते. हवाबंद डबा कोरडा माल कोरडा ठेवतो, ओला माल ओलाच ठेवतो.

आधी मोजा. काचेची बरणी पिंपाच्या मधल्या थरातल्या दाण्यांनी पाऊण भरा, वर छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी झाकण न उघडता आकडा वाचा. ६५च्या खाली असेल तर निर्धास्त भरा. ७०च्या वर काही बुरशा जगू लागतात. अफ्लाटॉक्सिन करणाऱ्या बुरशीला ८०च्या पुढची ओल लागते, पण झाकणाखाली थेंब पडले की तेवढी ओल तिथे आपोआप होते.

पानगळ
पण ओल टक्क्यांत मोजतात ना? गहू १२ टक्क्यांवर टिकतो, मग दाणेही टिकायला हवेत.

गोदामकरी
तिथेच फसगत होते. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल, आणि तेलात पाणी मुरत नाही. सगळं पाणी उरलेल्या निम्म्यात साठतं, म्हणून १२ टक्के म्हणजे दाण्यांसाठी चिंबच. सोललेले दाणे ७ टक्क्यांच्या आसपास हवेत, अक्रोड त्याहून कोरडे. बरणीतल्या हवेचा आकडा मात्र सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

मापक स्वस्तातला असेल तर आधी तपासून घ्या: मिठात जेमतेम पाणी घालून चिखल करा, बंद डब्यात त्याच्या शेजारी मापक ठेवा. काही तासांनी ७५ दिसायला हवं. ७१ दिसलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळवा.

सायली_प
माझे अक्रोड कडवट लागतात, तीही बुरशीच का?

गोदामकरी
बहुधा तेल खवट झालंय. ते उष्णतेने आणि हवेने होतं, कोरड्या अक्रोडांतही. पण कडू दाणा चाखून पाहत बसू नका, तोंडात आला तर थुंका.

दाणेवाला
मिठाने तपासलं, मापक बरोबर आहे. बरणीत ७९ आलं.

गोदामकरी
म्हणजे दाण्यांत साधारण ९ टक्के पाणी. २० किलोत १.८ किलो पाणी, १८.२ किलो बाकीचा ऐवज. ७ टक्क्यांवर यायला वजन साडेएकोणीस किलोच्या आसपास उतरलं पाहिजे, म्हणजे चारशेहून जास्त ग्रॅम पाणी बाहेर काढायचंय. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी घेतं, त्यामुळे पावणेदोन किलो तरी लागेल. बुटांच्या खोक्यात येतात तसल्या पुड्यांचं हे काम नाही.

त्यापेक्षा पातळ थरात पसरून पंखा लावा, पण खोलीतली आर्द्रता ६०च्या खाली असेल तेव्हाच. दमट दिवशी उघडे पसरले तर दाणे उलट ओल घेतात. यंत्राने वाळवणार असाल तर ४० अंशांच्या वर नेऊ नका. वाळले की पूर्ण गार होऊ द्या, मग भरा.

पानगळ
आणि चिकटलेले दाणे?

गोदामकरी
तो थर, सुरकुतलेले, काळपट आणि फुटके, सगळे टाका. विष थोड्याच दाण्यांत, पण भरपूर साठलेलं असतं. बहुतेक वेळा ते अशाच दाण्यांत सापडतं, म्हणून निवडण्याने खरोखर फरक पडतो.

सायली_प
मी तर सगळं पिंप टाकलं असतं. चांगला दिसणारा दाणा चांगलाच आहे कशावरून?

गोदामकरी
डोळ्यांनी खात्री होत नाही, हे मान्य. प्रयोगशाळेत पाठवलं तरी मूठभर नमुन्यात तो एक वाईट दाणा येईलच असं नाही. मी खालचे दाणे निवडून ठेवले असते, पण लहान मुलांना दिले नसते.

दाणेवाला
वरचा थर गेला. खालचे वाळवून पुन्हा बरणीत मोजले, ६३. काही दाण्यांना वास नाही, पण सालीवर करडी छटा आहे. हे निवडताना कोणत्या बाजूला टाकायचे?

खमंग
साल काढून बघा. आतून पांढरे असतील तर ठेवा.

सायली_प
टाका!