अरबी नुक्ते आणि स्वरचिन्हे

> पाठांतर होतेच, मग कुराणाच्या प्रतींत नुक्ते आणि स्वरचिन्हे घालायची गरज का पडली?

ज्याला पाठ होते त्याचे अडत नसे. अडचण अरबी मातृभाषा नसलेल्या नव्या मुसलमानांची होती. बे, ते, से, नून आणि ये ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की एकसारखा छोटा दात तेवढा उरतो; कोणते अक्षर ते नुक्त्यांवरून, म्हणजे वर-खाली दिलेल्या ठिपक्यांवरूनच कळते. सूरा ४९, आयत ६ मध्ये फे नंतर असे चार दात ओळीने येतात. ते ‘फतबय्यनू’, म्हणजे खातरजमा करा, असे वाचता येतात आणि ‘फतसब्बतू’, म्हणजे घाई न करता खात्री करा, असेही. हे दोन्ही पाठ परंपरेने मान्य केलेले आहेत. नुक्ते पूर्वी नव्हतेच असे मात्र नाही, कारण इ.स. ६४३ च्या इजिप्तमधील एका पपायरसवर काही अक्षरांना ते दिलेले दिसतात. फक्त ते सर्रास वापरले जात नसत.

स्वरांची चूक अधिक घातक होती. सूरा ९, आयत ३ मध्ये ‘रसूलुहू’ऐवजी ‘रसूलिही’ म्हटले, तर अल्लाह मूर्तिपूजकांपासूनच नव्हे, तर आपल्या प्रेषितापासूनही मुक्त आहे, असा भलताच अर्थ होतो. ही चूक ऐकूनच बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली यांनी लाल ठिपक्यांची पद्धत काढली, असे परंपरा सांगते: ‘अ’साठी अक्षराच्या वर, ‘इ’साठी खाली, ‘उ’साठी बाजूला. अक्षरांचे नुक्तेही ठिपकेच असल्याने दोन्हींतला फरक शाईच्या रंगावरच अवलंबून राही, म्हणून आठव्या शतकात व्याकरणकार खलील इब्न अहमद यांनी स्वरांना आजच्यासारखी वेगळी चिन्हे दिली असे मानतात; ‘उ’चे चिन्ह म्हणजे वाव या अक्षराचेच छोटे रूप.