अनुभव धागा: मोबाईलवरून ११२ किंवा १०८ ला फोन केल्यावर आपण काय सांगितले?

ज्यांनी मोबाईलवरून पोलीस, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची मदत मागितली आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. ठिकाण कसे सांगितले आणि फोन तुटल्यावर त्यांना आपल्याशी पुन्हा संपर्क साधता आला का, एवढ्यापुरतेच हे विचारणे आहे.

घाटवाट: हरिश्चंद्रगडावर आमच्या गटातील एकाचा पाय मोडला होता. मित्राने माझ्या मोबाईलवरून ११२ लावून "आम्ही हरिश्चंद्रगडावर आहोत" असे सांगितले, तेव्हा पलीकडच्या ताईंनी आधी जिल्हा विचारला. प्रश्न रास्तच होता, कारण पाचनईची वाट अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तर खिरेश्वर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात येते. मग मी फोन घेऊन सांगितले, "जिल्हा अहिल्यानगर, तालुका अकोले, गाव पाचनई. पाचनईहून गडावर येणाऱ्या वाटेवर, मंदिराच्या अलीकडे आहोत. एक पुरुष, वय अंदाजे चाळीस, शुद्धीवर आहे, रक्तस्राव नाही, पण चालता येत नाही. गाडी पाचनईपर्यंतच येईल, पुढे उचलून आणावे लागेल." शेवटचे वाक्य महत्त्वाचे ठरले, कारण त्यामुळे गावातील माणसांना निरोप गेला आणि गाडी येण्याआधीच ते दोर आणि बांबू घेऊन वर निघाले.

निवृत्त_कर्मचारी: मी नियंत्रण कक्षात काम केले आहे, म्हणून यात थोडी भर घालतो. महाराष्ट्रातील ११२ चा फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून गाडी निघते. फोन घेणाऱ्याने आपले गाव पाहिलेले असेलच असे नाही, त्यामुळे "मारुती मंदिरामागे" असे सांगून काहीच उलगडत नाही, कारण मारुती मंदिर प्रत्येक गावात असते. जिल्हा, तालुका, गाव, मग खूण, या क्रमाने सांगावे आणि लगेच आपला दहा अंकी क्रमांक सांगून तो परत म्हणून घ्यावा.

रोहन_ठाणे: एवढे सगळे सांगायची गरज आता उरलेली नाही, असे मला वाटते. मोबाईलचे लोकेशन सुरू असले की त्यांना आपली जागा आपोआप दिसते.

निवृत्त_कर्मचारी: काही स्मार्टफोनवरून जागा येते, हे खरे आहे. पण साध्या फोनवरून बहुधा फक्त टॉवरचा अंदाज मिळतो, आणि घाटात तो कित्येक किलोमीटर चुकू शकतो. जागा अचूक आली तरी इमारतीचा कितवा मजला, हे त्यातून कळत नाही. द्रुतगती मार्गावर किलोमीटरच्या फलकाचा आकडा सांगावा आणि गाडी पुण्याकडे जाणाऱ्या मार्गिकेवर आहे की मुंबईकडे, हेही सांगावे, कारण मध्ये दुभाजक असल्याने चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला बरेच पुढे जाऊन वळावे लागते.

दीपाली_बंगळूर: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी आई सोलापूरला एकटी राहते. तिला घरात चक्कर आली तेव्हा मी इथून ११२ लावला आणि तो कर्नाटकात लागला, कारण फोन कुठून केला आहे यावर तो कोणत्या राज्यात जाणार हे ठरते. त्यांनी सौजन्याने बोलणे केले, पण वेळ गेला. आता सोलापूरच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा ०२१७ ने सुरू होणारा क्रमांक मी जपून ठेवला आहे, शिवाय शेजारच्या काकूंचाही.

सुनंदा_काकू: आम्ही १०८ ला फोन केला, नंतर रुग्णवाहिकेतील डॉक्टरांचा फोन वेगळ्याच क्रमांकावरून आला. माझ्या मुलाने अनोळखी म्हणून तो कापला, आणि ते चौकात वाट शोधत राहिले. त्या अर्ध्या तासात प्रत्येक अनोळखी फोन उचलावा आणि नातेवाइकांना कळवण्यासाठी दुसऱ्याचा मोबाईल वापरावा, म्हणजे आपली लाइन मोकळी राहते.

घाटवाट: काकूंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. गडावर माझ्या सिमला रेंज नव्हती आणि पडद्यावर "Emergency calls only" असे येत होते, तरी ११२ लागला, कारण असा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. मात्र त्या अवस्थेत त्यांचा उलट फोन आपल्याला येऊच शकत नाही. म्हणून मी ताईंना तसे स्पष्ट सांगितले आणि ज्याच्या फोनला रेंज होती त्या मित्राचा क्रमांक दिला, तसेच त्या "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही.

रोहन_ठाणे: हे मला ठाऊक नव्हते. पण कोणाच्याच फोनला रेंज नसेल तर कोणाचा क्रमांक द्यायचा?

घाटवाट: आम्ही खाली थांबलेल्या गाडीच्या चालकाचाही दिला होता, पण तो वर आमच्यापर्यंत निरोप कसा पोहोचवणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही. अशा वेळी कोणी काय केले असेल तर लिहावे.